दोन खाचांच्या मधली कॉफी

सकाळची वेळ. वजनकाट्यावर १८ ग्रॅम बिया मोजून झाल्या, दळून झाल्या, पोर्टाफिल्टरमध्ये सारख्या पसरून दाबून झाल्या. मशीन सुरू केलं. कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरायला साधारण २५ ते ३० सेकंद लागायला हवेत. लागले २०. कॉफी फिकट, पाणचट, आंबट. ग्राइंडर एक खाच बारीक केला, पुन्हा १८ ग्रॅम बिया घेतल्या, पुन्हा तीच सगळी तयारी. या वेळी थेंब थेंब गळत ३८ सेकंद लागले आणि चव इतकी कडू, की जीभ कोरडी पडली. हवी ती कॉफी या दोन खाचांच्या मधे कुठेतरी होती, पण ग्राइंडरला तिथे थांबता येत नव्हतं.

घरी एस्प्रेसो करायला लागलेल्या अनेकांना ही सकाळ ओळखीची वाटेल. पहिल्यांदा संशय बियांवर जातो, मग दाबण्याच्या पद्धतीवर, मग मशीनवर. ग्राइंडरचं नाव बहुधा सगळ्यात शेवटी निघतं, कारण तो तर नीट दळत असतो. पीठ एकसारखं दिसतं, मोटर कुरकुरत नाही, डबा भरतो. दोष दळण्यात नसतोच. तो दळण जाड-बारीक करायच्या यंत्रणेत असतो, आणि ती यंत्रणा दोन प्रकारची असते. एक टप्प्याटप्प्याने सरकणारी, म्हणजे स्टेप्ड. दुसरी सलग, कुठेही थांबवता येणारी, म्हणजे स्टेपलेस.

गिरणीचं चाक आणि घरघंटीची जाळी

हा फरक आपल्याकडे दळण टाकायला गेलेल्या कुणालाही समजावून सांगायला लागू नये. पिठाच्या गिरणीत दगड जवळ-लांब करणारं एक चाक असतं. ज्वारी घातली की गिरणीवाला खाली पडणारं पीठ चिमटीत घेऊन चोळतो आणि चाक किंचित फिरवतो, पुन्हा चोळतो, पुन्हा किंचित फिरवतो. चाकाला खाचा नसतात. भाकरीचं पीठ, थालीपिठाची भाजणी, लापशीचा भरडा यांच्या मधली कुठलीही जागा त्याला मिळते. ही यंत्रणा स्टेपलेस.

घरघंटीचं तसं नाही. तिच्यात पिठाचा पोत जाळीवर ठरतो. बारीक पिठाला एक जाळी, रव्याला दुसरी, भरड दळायला तिसरी. दोन जाळ्यांच्या मधला पोत हवा असेल तर तो मिळत नाही. गव्हाच्या पिठाला याने काही बिघडत नाही, कारण पोळीला तेवढा फरक चालतो. ही टप्प्यांची यंत्रणा झाली.

कॉफीच्या ग्राइंडरमध्ये जाळी नसते. त्याचं काम गिरणीच्या दगडांसारखंच चालतं. दोन दातेरी तुकडे समोरासमोर असतात, त्यांना बर म्हणतात. काही ग्राइंडरमध्ये ते सपाट चकत्यांसारखे असतात, तर काहींमध्ये एक शंकू आणि त्याभोवती एक कडं असतं. दोहोंतला एक फिरतो, दुसरा स्थिर राहतो, आणि दोघांच्या मधली फट जेवढी, त्या प्रमाणात भुकटी बारीक किंवा जाड पडते. स्थिर तुकडा बहुधा आट्यांवर बसवलेला असतो. बाटलीचं झाकण फिरवल्यावर वर-खाली होतं, तसं कडं फिरवलं की तो तुकडा जवळ येतो किंवा लांब जातो.

स्टेप्ड ग्राइंडरमध्ये या कड्याला खाचा असतात आणि स्प्रिंगवरची एक छोटी गोळी किंवा खिटी त्या खाचांत बसते. कडं फिरवताना ‘टक्’ असा आवाज येतो तो तिचाच. स्टेपलेसमध्ये ही खिटी नसते. कडं आट्यांच्या किंवा स्प्रिंगच्या घर्षणावर जागेवर राहतं, नाहीतर वर्म गिअरसारख्या यंत्रणेने बांधलेलं असतं. फरक खरोखर एवढाच. इटलीच्या मकाप कंपनीचा एम-४ हा ग्राइंडर दोन्ही प्रकारांत मिळत असे. यंत्र एकच, फक्त कडं अडवण्याची पद्धत वेगळी. रँचिलिओ कंपनीचा रॉकी हा घरगुती ग्राइंडर खाचांचा होता. एस्प्रेसोच्या नादी लागलेल्या कित्येकांनी त्याची अडवणूक काढून टाकून तो घरच्या घरी स्टेपलेस करून घेतला. पण खिटी काढण्याइतका खटाटोप लोकांना का करावासा वाटला असेल?

केसाच्या जाडीचा खेळ

त्याचं उत्तर एस्प्रेसोच्या स्वभावात आहे. कागदी फिल्टरमधून कॉफी गाळताना पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. भुकटी जाडसर असते, वेळ तीन-चार मिनिटं लागतो, आणि त्यात दहा-पंधरा सेकंद इकडे-तिकडे झाले तरी कपात ते सहसा कळत नाही. एस्प्रेसोत पाणी साधारण ९ बार दाबाने ढकललं जातं. हा दाब सुमारे ९० मीटर उंचीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाण्याइतका असतो. त्या पाण्यासमोर अडथळा म्हणून असते ती फक्त दाबलेल्या कॉफीची एक छोटी वडी. तिने पाणी नेमकं किती वेळ अडवायचं, हे जवळजवळ पूर्णपणे तिच्या कणांवर ठरतं.

इथे एक भौतिक नियम आड येतो. कणांच्या थरातून पाणी किती सहज वाहील, हे कणांच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. कण १० टक्क्यांनी लहान झाले तर वाट १० टक्क्यांनी नाही, सुमारे २० टक्क्यांनी अवघड होते. शिवाय फट कमी केली की धुळीसारखे अगदी बारीक कणही वाढतात आणि मोठ्या कणांमधल्या जागा बुजवतात. त्यामुळे प्रत्यक्षातला फरक या हिशेबापेक्षाही जास्त पडू शकतो.

आता ढोबळ आकडे पाहू. कागदी फिल्टरच्या कॉफीचा कण ७००-८०० मायक्रॉनचा धरला, तर ३० मायक्रॉनचा बदल म्हणजे जेमतेम ४ टक्के. एस्प्रेसोचा कण ३०० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर तोच ३० मायक्रॉनचा बदल १० टक्के होतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे अर्ध्या केसापेक्षाही कमी सरकलेली चकती फिल्टर कॉफीत जाणवतही नाही, आणि तेवढ्यानेच एस्प्रेसोचा कप हातचा जातो.

म्हणून फिल्टर कॉफी, मोका पॉट किंवा फ्रेंच प्रेससाठी वर्षानुवर्षं उत्तम काम देणारा ग्राइंडर एस्प्रेसोला हात टेकतो. तो दळायला कमी पडत नाही. त्याची पावलं लांब पडतात.

पाऊल किती लांब, हे कसं कळतं

‘४० सेटिंग’, ‘६० टप्पे’ असे आकडे ग्राइंडरच्या खोक्यावर ठळक छापलेले असतात. एस्प्रेसोसाठी त्या आकड्याला एकट्याला फार अर्थ नाही. ते ४० टप्पे एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंतच्या सगळ्या पल्ल्यावर सारखे वाटलेले असतील, तर एस्प्रेसोच्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यातले तीन-चारच पडतात. विचारायचा प्रश्न असा: एका खाचेत चकती किती सरकते?

याचा हिशेब सोपा आहे. कडं एक पूर्ण फेरा फिरल्यावर चकती जेवढी वर-खाली होते, त्याला त्या फेऱ्यातल्या खाचांच्या संख्येने भागायचं. हाताने फिरवायच्या ग्राइंडरचे उत्पादक हा आकडा बहुधा उघड सांगतात, म्हणून उदाहरणं तिथली घेऊ. वनझीप्रेसो कंपनीच्या जेएक्स-प्रो या ग्राइंडरमध्ये एका फेऱ्यात ४० क्लिक आहेत आणि एका क्लिकला १२.५ मायक्रॉन. म्हणजे पूर्ण फेऱ्यात ५०० मायक्रॉन, अर्धा मिलिमीटर. त्याच कंपनीच्या जे-मॅक्समध्ये एका फेऱ्यात ९० क्लिक आणि एका क्लिकला ८.८ मायक्रॉन. दुसरीकडे कमांडांटे सी-४० हा जर्मन हातग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी नावाजलेला आहे. त्याची एक क्लिक सुमारे ३० मायक्रॉनची. एस्प्रेसोसाठी ती मोठी पडते, म्हणून कंपनीनेच ‘रेड क्लिक्स’ नावाचा सुटा भाग काढला, जो ते पाऊल अर्ध्यावर आणतो.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना एक काळजी घ्यावी लागते. सपाट चकत्यांमध्ये चकती १० मायक्रॉन खाली आली की फटही १० मायक्रॉनने कमी होते. शंकूच्या बरमध्ये दातेरी भिंती तिरप्या असतात. तिथे शंकू १० मायक्रॉन वर सरकला तरी दोन भिंतींमधलं खरं अंतर त्याहून कमी बदलतं. म्हणून १५ मायक्रॉनची क्लिक शंकूच्या ग्राइंडरमध्ये जेवढी नाजूक वाटते, तेवढी ती सपाट चकत्यांच्या ग्राइंडरमध्ये वाटेलच असं नाही.

आता पुन्हा सुरुवातीच्या स्वयंपाकघरात जाऊ. समजा, तिथल्या ग्राइंडरचं एक पाऊल ३० मायक्रॉनचं आहे आणि त्या पावलाने वेळ २० सेकंदांवरून ३८ वर गेला. त्याच बिया, तेच मशीन आणि तशाच बनावटीचा पण १५ मायक्रॉनच्या पावलाचा ग्राइंडर असता, तर मधे आणखी एक थांबा मिळाला असता, अंदाजे २७ ते २८ सेकंदांवर. सुमारे ९ मायक्रॉनचं पाऊल असतं तर थांबे मिळाले असते २०, २४, २९ आणि ३५ सेकंदांच्या आसपास. यातला २९ चा थांबा थेट हव्या त्या जागेत आहे. समजा दुसऱ्या दिवशी बिया बदलल्या आणि थांबे नेमके २३ आणि ३१ वर पडले, तरी उरलेली तफावत इतकी लहान, की बिया अर्धा ग्रॅम कमी-जास्त घेऊन ती भरून निघते.

खरेदीसाठी ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. टप्पे असणं हा दोष नाही. टप्पा मोठा असणं हा दोष आहे. एका क्लिकने वेळ दोन-चार सेकंदांनी हलत असेल, तर तो स्टेप्ड ग्राइंडर एस्प्रेसोला पुरेसा आहे. एका क्लिकने दहा-पंधरा सेकंदांची उडी पडत असेल, तर तो कितीही महाग असला, तरी एस्प्रेसोसाठी अपुराच.

सलग फिरणारं कडं

स्टेपलेस ग्राइंडरमध्ये हा प्रश्नच उरत नाही, निदान कागदावर तरी. फट हवी तेवढीच ठेवता येते. इटलीतल्या बारमध्ये वर्षानुवर्षं दिसणारे माझ्झर कंपनीचे ग्राइंडर याच पद्धतीचे. वर एक रुंद कडं, त्यावर बाहेर आलेली मूठ, आणि खाच एकही नाही. बारमध्ये याची गरज उघड आहे. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो कप निघतात, ग्राइंडर तापतो, हवा बदलते, आणि कॉफी बनवणारा दिवसातून अनेकदा मूठ रेसभर सरकवतो.

रेसभर म्हणजे किती, याचाही हिशेब करता येतो. कडं ९ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याचा घेर सुमारे २८३ मिलिमीटर. एका फेऱ्यात चकती १.५ मिलिमीटर सरकत असेल, तर कड्याच्या काठावर १ मिलिमीटर फिरवल्याने फट बदलते ५ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे डोळ्याला दिसेल आणि हाताला जमेल एवढ्या हालचालीतून केसाच्या चौदाव्या भागाइतका बदल साधतो. कडं जेवढं रुंद, तेवढा हात सुखी.

घरगुती ग्राइंडरमध्ये हीच सोय दोन तऱ्हांनी येते. निश झिरो किंवा डीएफ-६४ यांच्यासारख्या ग्राइंडरमध्ये कडं वरच असतं, त्यावर आकडे असतात, आणि एस्प्रेसोपासून फिल्टरपर्यंतचा प्रवास एका फेऱ्याच्या आत उरकतो. फ्लोरेन्समध्ये १९२० साली सुरू झालेल्या युरेका कंपनीच्या मिन्योन मालिकेत मात्र एक छोटी बटणासारखी चकरी असते. ती फिरवली की खालची चकती अगदी सावकाश वर-खाली होते. एस्प्रेसोत बारीक फरक करायला ही चकरी फार चांगली. पण एस्प्रेसोवरून फिल्टरवर जायचं तर ती एकाहून जास्त फेरे फिरवावी लागते, आणि परत येताना आपण कितव्या फेऱ्यात आहोत हे लक्षात ठेवावं लागतं. चकरीवरचा ‘३’ हा आकडा प्रत्येक फेऱ्यात एकदा येतो.

स्टेपलेसची खरी किंमत इथेच मोजावी लागते. खाच ही फक्त अडवणूक नसते, ती आठवणही असते. ‘एस्प्रेसोला १४, मोका पॉटला २६’ असं एकदा ठरलं की खाचांच्या ग्राइंडरवर घरातला कुणीही नेमकं तिथे परत येऊ शकतो. सलग कड्यावर १४ आणि १५ च्या मधे नेमकी कुठली रेघ होती, हे डोळ्यांनी ठरवावं लागतं. म्हणून बरेचजण कड्यावर पेनाने खूण करतात किंवा पट्टी चिकटवतात.

दुसरी अडचण आट्यांमधल्या ढिलाईची. आटे एकमेकांत अगदी गच्च बसलेले नसतात. थोडा ‘प्ले’ असतो. जाडकडून बारीककडे येऊन १४ वर थांबलं आणि बारीककडून जाडकडे येऊन १४ वर थांबलं, तर आकडा एकच असूनही चकती नेमक्या एकाच जागी नसते. चांगल्या ग्राइंडरमध्ये स्प्रिंग हा प्ले खाऊन टाकते, स्वस्त ग्राइंडरमध्ये तो राहतो. यावर उपाय साधा आहे. आकडा नेहमी एकाच बाजूने गाठायचा. जाड करायचं असेल तर आधी थोडं जास्त जाड करायचं आणि मग बारीककडे येत ठरलेल्या रेघेवर थांबायचं.

तिसरी गोष्ट दोन्ही प्रकारांना लागू आहे, पण लोक तिचा दोष चुकीने कड्याला देतात. फट बदलली तरी ग्राइंडरच्या पोटात आणि तोंडाशी जुन्या मापाची भुकटी अडकलेली असते. काही ग्राइंडरमध्ये ती दोन-तीन ग्रॅमपर्यंत असते. बदलानंतरच्या पहिल्या कपात ही जुनी भुकटी मिसळते, वेळ फारसा हलत नाही, म्हणून माणूस कडं आणखी फिरवतो, आणि तिसऱ्या कपाला मशीन तुंबतं. बदल केल्यावर थोड्या बिया दळून टाकून द्याव्यात आणि मगच मोजमाप करावं. आणि विजेचा ग्राइंडर बारीक करताना मोटर सुरू ठेवावी, नाहीतर चकत्यांमध्ये अडकलेले तुकडे कड्याला नीट फिरू देत नाहीत.

रोज सरकणारं लक्ष्य

कुणी विचारेल, एकदा योग्य जागा सापडली की झालं. मग रोज एवढं बारीक फिरवायचंय कशाला?

कारण ती जागा स्थिर राहत नाही. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू अडकलेला असतो आणि तो दिवसेंदिवस बाहेर पडत राहतो. ताज्या बियांचा वायू वडीतून जाणाऱ्या पाण्याला विरोध करतो. बिया शिळ्या होत जातात तसा तो विरोध कमी होतो आणि त्याच सेटिंगवर कॉफी भरभर उतरायला लागते. म्हणून एकच पाकीट संपेपर्यंत दर दोन-चार दिवसांनी ग्राइंडर थोडा बारीक करत जावा लागतो. हे बदल लहान असतात, एका मोठ्या खाचेच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे.

आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. कॉफीची बी हवेतला ओलावा किती घेते, याचा मोठा दाखला म्हणजे ‘मॉन्सून्ड मलबार’. किनाऱ्यावरच्या गोदामांत मोसमी वाऱ्यावर कच्च्या बिया पसरून ठेवतात, आणि त्या ओलावा पिऊन फुगतात, रंगानेही फिकट होतात. भाजलेल्या बियाही ओलावा घेतातच. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये उघड्या हॉपरमध्ये राहिलेल्या बिया मे महिन्यातल्या सेटिंगवर मे महिन्यासारख्या उतरत नाहीत. बिया हवाबंद डब्यात ठेवून दर कपाला मोजून घातल्या तर ही ओढाताण बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही.

आणि पाकीट बदललं की सगळा खेळ नव्याने मांडावा लागतो. चिकमगळूरच्या एका मळ्याची हलकी भाजलेली कॉफी कठीण असते आणि बरीच बारीक दळावी लागते. गडद भाजलेली ठिसूळ असते आणि तिला जाड दळण चालतं. नवं पाकीट उघडल्यावर योग्य जागा सापडेपर्यंत तीन-चार कप वाया जाणं नेहमीचं. प्रत्येक कपाला १८ ग्रॅम धरले तर ते ७२ ग्रॅम झाले, पाव किलोच्या पाकिटाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. पावलं योग्य लांबीची असतील तर हा खर्च आटोक्यात राहतो. फार मोठी असतील तर जागा सापडतच नाही. फार लहान असतील तर तीन-तीन, चार-चार क्लिकच्या उड्या मारत शोधावं लागतं, पण शोध लागतो.

मधला रस्ता

अलीकडे उत्पादकांनी या दोन टोकांच्या मधे चांगली तोड काढली आहे. बाराट्झा कंपनीचा एनकोर हा घरगुती ग्राइंडर ४० टप्प्यांचा. फिल्टर कॉफीसाठी तो लोकप्रिय झाला, पण एस्प्रेसोला त्याचे टप्पे मोठे पडत. मग कंपनीने एनकोर ईएसपी काढला. यातही टप्पे ४०च आहेत, पण ते सारखे वाटलेले नाहीत. १ ते २० हे टप्पे एस्प्रेसोसाठी अगदी जवळजवळ ठेवले आहेत, आणि २१ ते ४० फिल्टर व बाकी कॉफीसाठी लांब लांब. आकडा तोच राहिला, पावलं गरजेप्रमाणे आखली गेली.

त्याच कंपनीच्या सेट्टे २७० मध्ये दोन कडी आहेत. एकावर ३१ मोठे टप्पे, आणि त्याच्या जोडीला बारीक फेरफारासाठी दुसरं कडं. आधी मोठ्या कड्याने गाव गाठायचं, मग लहान कड्याने घर शोधायचं. याचंच भावंड सेट्टे ३० मूळ रूपात फक्त मोठ्या टप्प्यांचं होतं. ही जोडी शेजारी ठेवली की लहान कडं नेमकं कशासाठी, ते स्पष्ट होतं.

घेण्याआधी काय तपासावं

सगळ्यात आधी ग्राइंडर नव्हे, मशीनची बास्केट पाहावी. बऱ्याच स्वस्त घरगुती मशीनबरोबर दुहेरी भिंतीची बास्केट येते. तिच्या आतल्या तळाला भरपूर छिद्रं असतात, पण बाहेरच्या तळाला टाचणीएवढं एकच. पाणी अडवण्याचं काम ते छिद्र करतं, कॉफीची वडी नाही. अशी बास्केट वापरायची असेल, तर ग्राइंडरचं पाऊल ३० मायक्रॉनचं असो वा ५० चं, कपात फारसा फरक पडत नाही, आणि स्टेपलेससाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. तळाला सर्वत्र उघडी छिद्रं असलेली एकेरी बास्केट वापरायची असेल, तेव्हाच या लेखातला सगळा हिशेब लागू होतो.

दुसरा प्रश्न, घरात कॉफी किती प्रकारची होते? ग्राइंडर एस्प्रेसोलाच वाहिलेला असेल आणि त्यातलं कडं आठवड्यातून दोनदा रेसभर हलणार असेल, तर स्टेपलेस सोयीचा. सकाळी एकाला एस्प्रेसो, दुपारी दुसऱ्याला कागदी फिल्टर, रविवारी पाहुण्यांना फ्रेंच प्रेस असं एकाच ग्राइंडरवर चालणार असेल, तर बारीक टप्प्यांचा, परत आपल्या जागी येणारा ग्राइंडर कमी त्रास देतो. हाताने दळायच्या ग्राइंडरमध्ये ८ ते १६ मायक्रॉनची क्लिक असली की पुरे होतं.

तिसरी गोष्ट, चकत्या डगमगतात का? ही तपासणी प्रत्यक्ष हात लावूनच होते. फिरणारा दांडा बाजूला हलवून पाहावा, कडं बोटांनी वर-खाली दाबून पाहावं. दांड्यालाच प्ले असेल तर दळताना फट सतत कमी-जास्त होत राहते, आणि मग पाच मायक्रॉन इकडे की तिकडे हा प्रश्नच फोल ठरतो. स्टेपलेस ही पाटी यंत्रातला असा ढिलेपणा झाकत नाही. बळकट दांड्याचा, बारीक टप्प्यांचा ग्राइंडर डगमगत्या स्टेपलेसपेक्षा केव्हाही बरा.

मित्राकडे किंवा दुकानात प्रत्यक्ष कॉफी करून पाहता आली, तर एकच चाचणी घ्यावी. बिया, वजन, मशीन तेच ठेवून शेजारशेजारच्या दोन टप्प्यांवर एकेक कप काढावा, दुसऱ्याच्या आधी थोडी भुकटी दळून टाकून. दोन वेळांमधला फरक चार सेकंदांच्या आत असेल तर ग्राइंडर घ्यायला हरकत नाही. स्टेपलेस असेल तर कडं त्याच्या जागेवरून हलवून पुन्हा त्याच रेघेवर आणावं आणि तिसरा कप काढावा. तो पहिल्याच्या जवळपास उतरला, तर खूण आणि प्ले दोन्ही ठीक आहेत.

आहे त्यावर किती दिवस

सुरुवातीच्या त्या स्वयंपाकघरातल्या माणसाला लगेच नवा ग्राइंडर घ्यायचा नसेल, तर त्याच्याकडे एक तोड आहे. खाच २० सेकंदांचीच, म्हणजे जाड बाजूची ठेवायची, आणि बिया वाढवायच्या. १८ ऐवजी १८.५ ग्रॅम घेतल्या की वडी थोडी जाड होते आणि वेळ दोन-तीन सेकंदांनी वाढतो. १९ ग्रॅम घेतल्या की आणखी थोडा. कपातली कॉफी त्याच प्रमाणात वाढवायची, १९ ग्रॅमला ३८ ग्रॅम. अशा रीतीने २५ सेकंदांपर्यंत पोचता येतं, आणि कप एकदम सुधारतो.

दाबायचा जोर वाढवून मात्र हे साधत नाही. वडी एकदा नीट घट्ट झाली की त्यावर कितीही जोर लावला तरी वेळ जेमतेम हलतो.

वजनाची ही तोड आठवडाभर छान चालते. मग बिया शिळ्या व्हायला लागतात, वेळ पुन्हा घसरतो, १९ चे १९.५ होतात, मग २०. १८ ग्रॅमच्या बास्केटमध्ये आता वर जागाच उरत नाही. पोर्टाफिल्टर बसवताना हाताला अडतो आणि काढल्यावर वडीच्या डोक्यावर मशीनच्या जाळीचा आणि स्क्रूचा ठसा उमटलेला दिसतो. पाणी आता वडीवर सारखं पसरत नाही. एखाद्या कडेने वाट फोडतं आणि एकाच कपात आंबट-कडू दोन्ही चवी येतात. हा ठसा दिसू लागला की वजनाने करायची सगळी दुरुस्ती संपलेली असते, आणि दोन खाचांच्या मधे थांबू शकणारा ग्राइंडर शोधायला लागायचं असतं.